वीस-वीसच्या नोंदीत दिसणारी चूक: मायकेलसन इंटरफेरोमीटरवर पट्टे मोजताना

प्रश्न: मी कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्स करते. मायकेलसन इंटरफेरोमीटरवर हीलियम-निऑन लेसरच्या १०० फ्रिंजेस तीनदा मोजल्या. तरंगलांबी ६६८, ६१२ आणि ६४२ नॅनोमीटर आली. पहिल्या दोन फेऱ्या लागोपाठ, एकाच दिशेने घेतल्या. तिसरी दुसऱ्या दिवशी, स्क्रू बराच पुढे नेऊन घेतली. दर वीस फ्रिंजेसना बारीक ड्रम किती घरं सरकला तेही लिहिलंय (एक घर म्हणजे ०.०००१ मि.मी.):

पहिली फेरी: ८१, ६३, ६४, ६३, ६३
दुसरी फेरी: ६३, ६४, ५३, ६३, ६३
तिसरी फेरी: ६४, ६४, ६५, ६४, ६४

सरासरी ६४१ येते, तीच लिहू का? पुढच्या प्रयोगात याच यंत्रावर आरशाचं सूक्ष्म सरकणं मोजायचंय, तेव्हा काय सांभाळू?

उत्तर:

सरासरी लिहू नका. तुमच्या तीन आकड्यांत तीन वेगवेगळ्या चुका आहेत. वेगळ्या कारणांच्या चुका एकत्र करून भागाकार केला की कारणं झाकली जातात आणि हाती येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पण वीस-वीसच्या नोंदी ठेवल्यात हे फार चांगलं केलंत. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ऑप्टिक्स लॅबमध्ये मी जवळजवळ तीस वर्षं हाच प्रयोग लावून दिला. बहुतेक मुलं फक्त पहिलं आणि शेवटचं रीडिंग लिहायची. मग चूक कुठे झाली हे शोधायला काहीच हाताशी नसायचं.

आधी एक आकडा पक्का करू. आरसा d इतका सरकला की प्रकाशाची वाट 2d ने बदलते, कारण किरण आरशाकडे जातो आणि परतही येतो. म्हणून N पट्ट्यांसाठी, म्हणजे तुमच्या N फ्रिंजेससाठी,

2d = Nλ

हीलियम-निऑनसाठी तरंगलांबी λ ६३२.८ नॅनोमीटर. म्हणजे एका पट्ट्याला आरसा ०.३१६४ मायक्रोमीटर सरकतो, ड्रमवर ३.१६ घरं. वीस पट्ट्यांना ६३.३ घरं व्हायला हवीत आणि शंभरांना ३१६.४. हा ६३.३ चा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं निदान त्याच्याशी ताडून होतं. ड्रम वाचताना नजरेने एक घर इकडे-तिकडे होणारच, त्यामुळे ६३ किंवा ६४ दिसलं तर काळजी नाही.

दुसरी गोष्ट, चूक कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. λ जास्त आली तर ड्रम जितका फिरला त्या मानाने पट्टे कमी मोजले गेले. म्हणजे ड्रम फिरला पण आरसा हलला नाही, किंवा पट्टे सरकले पण तुमच्या नजरेतून सुटले. λ कमी आली तर उलट, जे पट्टे खरे नव्हते तेही मोजले गेले. एवढ्यावरूनच कळतं की तुमची ६६८ ची फेरी आणि ६१२ ची फेरी एकाच रोगाच्या नाहीत.

पहिली फेरी बघा. जादा सगळं पहिल्याच गटात आहे, ८१. पुढचे चारही गट ६३-६४ वर नीट बसलेत. हा स्क्रूचा बॅकलॅश. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रूची ‘मोकळी चाल’. स्क्रूचे आटे आणि नट यांच्यात किंचित जागा असते. आधी ड्रम उलट्या दिशेने फिरवलेला असेल तर दिशा बदलल्यावर आटे नटाच्या दुसऱ्या अंगाला टेकेपर्यंत ड्रम नुसताच फिरतो, आरसा जागचा हलत नाही. तुमच्या यंत्रात हे जवळजवळ १८ घरांचं, म्हणजे पावणेदोन मायक्रोमीटरचं आहे. ऐकायला ते काहीच वाटत नाही, पण साडेपाच पट्टे त्यात बुडाले आणि λ ३५ नॅनोमीटरने फुगली.

शेवटचे चार गट घ्या. ८० पट्ट्यांना २५३ घरं, म्हणजे २५.३ मायक्रोमीटर. λ आली ६३२.५ नॅनोमीटर. पहिला गट मी आवडला नाही म्हणून सोडला नाही. सोडायला कारण आहे, आणि त्या कारणाची स्वतंत्र तपासणीही करता येते. वलयांच्या केंद्रात लख्ख ठिपका आणा, रीडिंग घ्या, पुढे दहा पट्टे न्या, मग ड्रम उलटा फिरवून तेच दहा पट्टे परत आणा. ड्रम मूळ रीडिंगवर येणार नाही, त्याच्या पलीकडे जाईल. जितका पलीकडे गेला तितकी मोकळी चाल. ती १८ घरांच्या आसपास निघाली तर पहिल्या गटाचा निकाल लागला. पुढच्या वेळी मोजणी सुरू करण्याआधीच ज्या दिशेने जायचंय त्या दिशेने तीस-चाळीस पट्टे न मोजता जाऊ द्या आणि ड्रम न थांबवता, न मागे घेता तिथून शून्य धरा. नेमका पट्टा खुणेवर आणायला किंचित मागे फिरवायचा मोह होतो. तो टाळा, पुढचा पट्टा येतोच आहे.

शून्याबद्दलही एक सांगतो. पहिला लख्ख पट्टा खुणेवर असताना तोंडाने ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नाही. ‘एक’ पासून सुरू केलं की शंभर म्हणेपर्यंत खरे नव्व्याण्णवच पट्टे गेलेले असतात आणि λ एक टक्क्याने, म्हणजे सहा नॅनोमीटरने कमी येते. हे मी इतक्या जर्नल्समध्ये पाहिलंय की ६२६-६२७ असं उत्तर दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचो.

आता दुसरी फेरी. ही तुम्ही त्याच दिशेने पुढे चालू ठेवलीत, म्हणून पहिला गट सरळ ६३ आला, मोकळी चाल आधीच संपली होती. पण तिसऱ्या गटात ५३. दहा घरं कमी, म्हणजे साधारण तीन पट्टे तुम्ही जास्तीचे मोजले. त्या मिनिटाला नक्की काहीतरी हललं. काय हललं ते मला माहीत नाही, पण आपल्या गावात ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याने जायला लागल्या की पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये वलयं कशी थरथरतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. वलय खुणेवर असताना धक्का बसला की ते पुढे जातं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं. आरसा अर्ध्या पट्ट्याइतकाच हलला, पण डोळ्यांनी खुणेवरून पट्टा तीन वेळा गेलेला पाहिला आणि तोंडाने तीन आकडे म्हटले.

यावर उपाय म्हणजे पट्टा ‘गेला का’ एवढंच बघायचं नाही, ‘कुठल्या बाजूला गेला’ तेही बघायचं. दोन्ही आरशांच्या अंतरांतला फरक वाढत असेल तर वलयं केंद्रातून उगवतात आणि बाहेर पसरतात. तो कमी होत असेल तर बाहेरून आत येऊन केंद्रात विरतात. तुम्ही ड्रम उगवण्याच्या दिशेने फिरवत असाल आणि मध्येच एखादं वलय आत बुडालेलं दिसलं, तर तो पट्टा वजा. असं दोन-तीनदा झालं तर वजाबाकी करत बसू नका, गट सोडा आणि शांत झाल्यावर पुन्हा घ्या. सोडलेला गटही वहीत राहू द्या आणि शेजारी कारण लिहा: ‘अमुक वाजता हादरा, वलये मागे-पुढे’. फक्त आकडा पटत नाही म्हणून खोडलेला गट आणि कारण लिहून सोडलेला गट यांत मोठा फरक आहे.

हादरे कमी करायला महागडं टेबल लागत नाही. मी कडप्प्याची जाड लादी घ्यायचो आणि तिच्याखाली स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूब, अर्धवट हवा भरलेल्या. ट्यूब टणक भरली तर काही उपयोग होत नाही, हादरा तसाच वर येतो. लादीवर यंत्र आणि लेसर दोन्ही ठेवायचे. लेसर वेगळ्या टेबलावर ठेवला की ठिपका सारखा भटकतो. दुसरा मोठा हादरा बोटांचा असतो. ड्रम चिमटीत धरला की नकळत यंत्रावर दाब येतो, सांगाडा किंचित वाकतो, आणि बोट उचललं की दोन-तीन पट्टे परत जातात. आम्ही ड्रमच्या काठाला एक हलकी लांब काडी चिकटपट्टीने लावून तिच्या टोकाला एका बोटाने ढकलायचो. हालचाल सावकाश होते आणि दाब जवळजवळ शून्य.

मोबाइलने व्हिडिओ घेऊन नंतर सावकाश चालवून मोजणं मला पसंत आहे, कारण वलय कुठल्या बाजूला सरकलं ते पुन्हा पाहता येतं. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. एका पट्ट्यासाठी दहा तरी चित्रं मिळावीत म्हणून सेकंदाला तीनपेक्षा जास्त पट्टे जाऊ देऊ नका. फारच वेगाने, सेकंदाला पंधराच्या पुढे गेले तर उगवणारं वलय चित्रात बुडणारं दिसू शकतं.

फोटोडायोड आणि काउंटर लावायचा विचार कराल, तर माझा जुना अनुभव ऐका. पहिल्यांदा मी स्वतः काउंटर जोडला तेव्हा डोळ्यांनी शंभर पट्टे गेले असताना काउंटरवर शंभराहून कितीतरी जास्त आकडा दिसला. मी मोजणीची एकच पातळी ठेवली होती, अगदी उजेड आणि अंधार यांच्या मधोमध. पट्टा सावकाश त्या पातळीवरून जाताना सिग्नलमधली बारीक थरथर पातळीच्या वर-खाली होत होती आणि प्रत्येक वेळी एक मोजणी पडत होती. दोन पातळ्या ठेवल्यावर ते थांबलं: वरची पातळी ओलांडल्यावर एक मोजणी, आणि खालच्या पातळीखाली जाऊन आल्याशिवाय पुढची मोजणी नाही. तरीही खऱ्या हादऱ्याने पट्टा पूर्ण मागे गेला तर एक फोटोडायोड त्यालाही अधिकच धरतो, त्याला दिशा कळत नाही. दिशा हवी तर स्थिर आरसा किंचित तिरपा करून पट्टे सरळ करा आणि दोन फोटोडायोड पाव पट्ट्याच्या अंतरावर ठेवा. पुढे जाताना पहिला आधी उजळतो, मागे येताना दुसरा. कारखान्यांत मशीनच्या टेबलांचं सरकणं मोजणारी अनेक लेसर उपकरणंही असे पाव पट्ट्याने मागे-पुढे असलेले दोन सिग्नल वाचूनच दिशा ओळखतात.

तिसरी फेरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती दिसायला अगदी शहाणी आहे. पाचही गट ६४-६५, कुठे उडी नाही. एखादा पट्टा नजरेतून सुटला असता तर एकाच गटात तीन घरं एकदम वाढली असती, ६६ किंवा ६७ दिसलं असतं. तसं नाही. शंभर पट्ट्यांना ३२१ घरं झाली, हवीत ३१६.४. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रीडिंगमध्ये मिळून दीड घराची चूक धरली तरी साडेचार घरांचा फरक त्यात बसत नाही. मग फरक आला कुठून?

काही जण म्हणतील, आरसा किरणाच्या रेषेत सरकत नसेल, तिरपा सरकत असेल. ते तपासून बघू. तिरपेपणाचा कोन θ असेल तर मोजलेली λ खऱ्यापेक्षा १/cosθ पट येते. कोन १ अंश असेल तर फरक फक्त ०.०१५ टक्के. तुमच्या फेरीतला १.४ टक्क्यांचा फरक यायला कोन नऊ अंशांहून जास्त लागेल, आणि तेवढा तिरपेपणा नुसत्या डोळ्यांनाही दिसला असता. मग हवा? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, हवेचा दाब थोडा कमी आहे, त्यामुळे हवेचा अपवर्तनांक किनाऱ्यापेक्षा किंचित कमी असतो. पण त्याचा λ वर होणारा परिणाम नॅनोमीटरच्या काही शतांशांत आहे. चार अंकांपर्यंत लिहिलं तर इथेही ६३२.८ च.

राहतो स्क्रू. ड्रमवर ‘०.०००१ मि.मी.’ असं कोरलेलं असतं आणि आपण ते देववाणीसारखं मानतो. खरं तर बारीक ड्रम स्क्रू किंवा तरफेतून आरसा ढकलतो, आणि ते प्रमाण सगळ्या पल्ल्यात तंतोतंत सारखं नसतं. मधल्या भागात ते ठीक असतं, टोकाकडे बिघडतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी स्क्रू बराच पुढे नेलात आणि नेमका त्याच दिवशी सगळा संच दीड टक्क्याने सरकला. हे जुळतं. खात्री करायची असेल तर स्क्रू पुन्हा मधल्या भागात आणून एक फेरी घ्या, मग पुन्हा त्याच पुढच्या जागी. दोन्ही ठिकाणी आकडे आपापल्या जागी परत आले तर दोष स्क्रूचा.

आता इथे एक पेच आहे. लेसरची λ ६३२.८ धरून मी तुमचा स्क्रू तपासतोय, आणि तुम्ही त्याच स्क्रूने लेसरची λ मोजताय. दोन्ही एकाच वेळी करता येणार नाही, ते आपल्याच शेपटीमागे धावणं होईल. म्हणून ठरवा: लेसर ओळखीचा, स्क्रू अनोळखी. लेसरने स्क्रूचा गुणक काढा आणि मग त्या स्क्रूने लेसर नव्हे, दुसराच प्रकाश मोजा, उदाहरणार्थ सोडियम. तुमच्या तिसऱ्या जागेसाठी गुणक ३१६.४ भागिले ३२१, म्हणजे ०.९८५७. समजा स्क्रूच्या त्याच भागात, त्याच दिशेने सोडियमचे शंभर पट्टे मोजताना ड्रम २९९ घरं फिरला. खरं सरकणं २९९ × ०.९८५७, म्हणजे २९४.७ घरं, २९.४७ मायक्रोमीटर. λ आली ५८९.४ नॅनोमीटर. दोन्ही मोजण्यांत दीड-दीड घराची चूक धरली तर उत्तरात चार नॅनोमीटरची अनिश्चितता राहते. म्हणून ‘५८९ ± ४’ लिहा. दशांशातला ४ तुमच्या यंत्राने दिलेला नाही, कॅल्क्युलेटरने दिलाय. ही अनिश्चितता खाली आणायची असेल तर दोन्ही मोजण्यांत शंभराऐवजी पाचशे पट्टे मोजा. ड्रम वाचण्याची चूक तेवढीच राहते आणि ती पाचपट पट्ट्यांवर वाटली जाते.

सोडियमवर पाचशे मोजताना मात्र जागा निवडावी लागते. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९.० आणि ५८९.६ अशा दोन तरंगलांबींचा आहे. आरसा सरकवत गेलात की दोघांचे पट्टे कधी एकमेकांवर बसतात, कधी एकाचा उजेड दुसऱ्याच्या अंधारावर पडतो. दर ०.२९ मिलिमीटरला, म्हणजे हजाराच्या थोडं आत इतक्या पट्ट्यांनी, वलयं पुसट होत होत जवळजवळ नाहीशी होतात. पुसट भागात मोजलेले पट्टे हमखास चुकतात. म्हणून आधी न मोजता आरसा नेऊन दोन पुसट जागा शोधा आणि त्यांच्या मधल्या ठळक भागातच मोजणी करा.

‘एकदम जास्त पट्टे मोजायचे, पण चुकायचं नाही’ ही अडचण खुद्द मायकेलसनलाही होती. १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र इथे त्याने मीटरची लांबी कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबींत मोजली, ती १५,५३,१६३.५ भरली. इतके पट्टे त्याने सलग मोजले नाहीत. त्याने नऊ लांबीमापं बनवली, प्रत्येक आधीच्याच्या जवळजवळ दुप्पट, सगळ्यात मोठं दहा सेंटिमीटरचं. पट्टे मोजले ते फक्त सगळ्यात लहान मापात, सुमारे बाराशे. पुढे प्रत्येक मापाची दुपटीशी तुलना करत तो वर चढला. तुमची वीस-वीसची सवय त्याच जातीची आहे: चूक झाली तर ती लहान तुकड्यात अडकते, सगळ्या मोजणीत पसरत नाही.

आता तुमचा पुढचा प्रयोग. सरकणं मोजायचं असेल तर ड्रमला हातच लावायचा नाही. मोजपट्टी आता लेसरची λ आहे, आणि स्क्रूची सगळी दुखणी आपोआप बाहेर राहतात. सरकलेलं अंतर Nλ/2, बस्स. मी मुलांकडून बहुधा ॲल्युमिनियमच्या दांड्याचं प्रसरण मोजून घ्यायचो. १०० मि.मी. लांबीचा दांडा मागच्या टोकाला घट्ट आवळायचा, पुढच्या टोकाला लहान आरसा चिकटवायचा आणि दांड्याभोवती रोधतारेचं वेटोळं गुंडाळायचं.

मोजणी तापताना करू नका. हीटर चालू असताना दांड्याचा बाहेरचा भाग आणि गाभा वेगवेगळ्या तापमानांना असतात, आणि वर जाणारी गरम हवा किरणाच्या वाटेत घुसते. दांडा दहा-बारा अंश तापवा, हीटर बंद करा, पाच मिनिटं जाऊ द्या आणि सावकाश थंड होताना मोजा. समजा ३६.० पासून २८.० अंश सेल्सिअसपर्यंत ५७ पट्टे पूर्ण गेले आणि वर साधारण एक-तृतीयांश पट्टा. ५७.३ × ०.३१६४, म्हणजे १८.१ मायक्रोमीटर. लांबी १०० मि.मी., फरक ८ अंश, तेव्हा प्रसरण गुणांक दर अंशाला २२.७ × १०⁻⁶. ॲल्युमिनियमचा पुस्तकी आकडा २३ च्या आसपास आहे.

इथे चूक कुठून येते ते नीट बघा. पाव पट्टा चुकला तरी फरक अर्धा टक्काही नाही. पण तापमापीची दोन रीडिंग ०.२ अंशाने चुकली तर आठ अंशांवर तीन टक्क्यांच्या पुढे फरक पडतो. म्हणजे पट्ट्यांपेक्षा तापमापीवर जास्त मेहनत घ्यायला हवी: तिचा फुगा दांड्यालाच चिकटलेला असावा, हवेत लोंबत नसावा. लांबीसुद्धा आवळलेल्या जागेपासून आरशापर्यंतचीच धरायची, पूर्ण दांड्याची नाही.

दुसरा धोका हवेचा. आरशापर्यंतची वाट २० सें.मी. असेल तर प्रकाश ४० सें.मी. चालतो. तेवढी सगळी हवा एका अंशाने तापली तर अपवर्तनांक बदलून जवळजवळ अर्धा पट्टा नुसता हवेनेच सरकतो. दांड्याच्या प्रसरणाने एका अंशाला सात पट्टे सरकतात, त्यात हा अर्धा सहज मिसळून जातो आणि कळतही नाही. म्हणून दांडा आणि आरसा यांच्यामध्ये छिद्र पाडलेला पुठ्ठा उभा करा, छिद्रातून आरसा तेवढा डोकावू द्या. पंखा बंद ठेवा. आणि प्रयोगाआधी, दांडा अजिबात न तापवता, दहा मिनिटं नुसती वलयं बघत बसा. मार्च-एप्रिलच्या दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर दहा मिनिटांत दोन-तीन पट्टे आपोआप सरकलेले मी पाहिलेत, तेच सकाळी सात वाजता अर्धाही सरकत नव्हता. तो आपोआप सरकणारा आकडा आणि त्याची दिशा प्रयोगाआधी आणि नंतर दोन्ही वेळा लिहा. दोन्ही वेळा सारखा आला तर मोजणीच्या वेळात तो किती झाला असेल ते काढून वजा करता येतो. वेगळा आला तर दुपार सोडून सकाळची वेळ मागून घ्या.